थकीत बिलाची आठवण: ‘जरा बघा ना’पासून शेवटच्या पत्रापर्यंतच्या पाच पायऱ्या

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या लहान कारखान्यांची उधारी ठरावीक चालीची असते. माल मे महिन्यात जातो, शाळा जूनच्या मध्यात उघडतात, दुकानदाराच्या गल्ल्यात पैसा त्याच पंधरवड्यात येतो, आणि कारखानदाराचे बिलही नेमके तेव्हाच देय होते. म्हणजे पैसा असतो. प्रश्न एवढाच असतो की त्या पंधरवड्यात तो कोणाकडे आधी जातो. बहुधा ज्याने तारीख आणि रक्कम स्पष्ट लिहिली आहे त्याच्याकडे आधी जातो, आणि ज्याने सात वेळा ‘बघा ना’ म्हटले आहे त्याच्याकडे शेवटी.

हा लेख अशा बिलाच्या आठवणीसाठी पाठवलेले विस्कळीत मेसेज सौम्यापासून ठाम असे पायरीपायरीने पुन्हा कसे लिहावेत यासंबंधी आहे. उदाहरण एकच घेतले आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याची पत्रे लिहिण्याचे काम २०२५ च्या हंगामात माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी दुकान असलेल्या ग्राहकाला ४८० गणवेश, प्रत्येकी ३७० रुपयांनी, दिले होते. मालाची किंमत १,७७,६००, त्यावर पाच टक्के जीएसटी ८,८८०, एकूण १,८६,४८० रुपये. ऑर्डरीबरोबर ६०,००० आले होते, म्हणून बाकी १,२६,४८०. बिल १२ मेचे, माल दुकानात उतरला १४ मे रोजी, आणि मुदत माल मिळाल्यापासून ३० दिवस, म्हणजे १३ जूनपर्यंत.

आधी जुने मेसेज एका कागदावर उतरवून घ्या

आदल्या वर्षीच्या हंगामात याच ग्राहकाला, याच मुदतीच्या बिलासाठी, कारखान्याच्या मालकाने पाठवलेले मेसेज क्रमाने असे होते. २ जून: ‘अण्णा नमस्कार, पेमेंटचं जरा बघा ना.’ १४ जून: ‘अण्णा पेमेंट?’ १६ जून: ‘पेमेंट प्लीज’, आणि पुढे जोडलेल्या हातांचे चित्र. १९ जून: ‘फोन तरी उचला.’ २३ जून सकाळी: ‘कारागिरांचे पगार थांबलेत, तुमच्यामुळे माझे हाल चाललेत.’ त्याच रात्री: ‘आता वकिलाकडेच जातो.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी: ‘अण्णा, राग मानू नका, बघा जरा.’

असे मेसेज फोनमध्ये एकेक करून वाचले तर प्रत्येक ठीकच वाटतो, कारण प्रत्येकामागची त्या दिवसाची अडचण आपल्याला आठवत असते. कागदावर सलग उतरवले की ग्राहकाला ते कसे दिसले असतील हे कळते. सात मेसेजमध्ये रक्कम एकदाही नाही, बिलाचा क्रमांक नाही, कोणत्या तारखेपर्यंत पैसे हवेत ते नाही, आणि ते न आल्यास काय होईल हे फक्त एकदा आहे, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी मागे घेतलेले. सर्वांत जास्त नुकसान रागाच्या मेसेजने झाले नाही. ते रागानंतरच्या त्या शेवटच्या मेसेजने झाले. वकिलाचे नाव काढूनही काही घडत नाही, एवढे त्यातून ग्राहक शिकला. पहिला मेसेज मुदतीच्या अकरा दिवस आधीचा आहे हेही लक्षात घ्यावे. तोपर्यंत ग्राहकाचे काहीच चुकलेले नव्हते आणि स्वर मात्र तक्रारीचा होता.

मग बिलाचा चिठ्ठा तयार करा

एकही नवा शब्द लिहिण्याआधी अर्ध्या पानाचा चिठ्ठा करावा. त्यात बिलाचा क्रमांक व तारीख, माल मिळाल्याची तारीख आणि तिचा पुरावा, मुदत आणि ती कुठे लिहिली आहे, आलेली रक्कम, उरलेली रक्कम, आणि पैसे सोडण्याचा निर्णय प्रत्यक्ष कोण घेतो, एवढे असावे. शेवटची बाब नवखे लोक हमखास विसरतात. आमच्या उदाहरणात मेसेज जात होते वृद्ध मालकांना, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. बँकेचे व्यवहार मात्र त्यांचा मुलगा पाहत होता, आणि त्याच्यापर्यंत बिल पोहोचलेलेच नव्हते.

माल मिळाल्याचा पुरावा म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीची दुकानाच्या शिक्क्यासह आलेली प्रत. मुदतीचा पुरावा म्हणजे ऑर्डर ठरताना ‘मुदत ३० दिवस’ असे लिहिलेला मेसेज आणि त्यावर ग्राहकाचे ‘मान्य’ असे उत्तर. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली अट पुरेशी आहे असे समजू नये, कारण ती ग्राहकाने मान्य केल्याचे त्यावरून दिसत नाही. ही दोन कागदे नसतील तर ठाम पायरीवर चढताना पाय डगमगतो, आणि तो डगमगल्याचे भाषेत लगेच दिसते.

पाचही मेसेज एकाच बैठकीत, शांत असताना लिहा

ही या पद्धतीतली माझ्या मते सर्वांत उपयोगी सवय आहे. मुदत संपण्याआधीच पाचही मजकूर आणि ते पाठवण्याच्या तारखा लिहून ठेवल्या म्हणजे २३ जूनच्या रात्रीचा मेसेज लिहायची वेळच येत नाही. आमच्या बिलासाठी ठरलेल्या तारखा होत्या १० जून, १४ जून, २० जून, ३० जून आणि १० जुलै. पायऱ्यांमधले अंतर मुद्दाम चार दिवसांवरून दहा दिवसांपर्यंत वाढत जाते. रोजच्या रोज आठवण केली की आठवण हा आवाज होतो आणि माणूस आवाजाला सरावतो.

ठामपणा वाढवायचा म्हणजे कठोर शब्द वाढवायचे, असा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर मजकुरात एखादी नवी वस्तुस्थिती यावी लागते: आधी तारीख, मग उलटलेले दिवस, मग मोडलेला वायदा, मग थांबवलेला माल, मग करायची कारवाई. शब्द जवळजवळ तितकेच शांत राहतात. मराठीत त्यासाठी क्रियापदे फार कामाला येतात. ‘कळवाल का?’ ही विचारणा झाली, ‘कळवा’ ही सूचना झाली, ‘कळवावे’ ही लेखी अपेक्षा झाली, आणि ‘न कळवल्यास’ येथे परिणाम सुरू झाला. त्याच क्रमाने ‘अण्णा, तुम्ही’चे ‘आपण’ होते आणि शेवटी पत्रावर दुकानाचे पूर्ण नाव व पत्ता येतो. नेहमी अण्णा म्हणणाऱ्याने एके दिवशी ‘आदरणीय’ लिहिले, तर वाचणारा खुर्चीत सावरून बसतो. त्यासाठी एकही कडक विशेषण खर्च करावे लागत नाही. म्हणूनच हा बदल पहिल्याच मेसेजमध्ये उधळू नये.

काही शब्द मात्र सर्वच पायऱ्यांवरून काढून टाकावेत. ‘जरा’, ‘फक्त आठवण म्हणून’, ‘त्रास देतोय, माफ करा’ हे आपल्याच मागणीला उणेपणा आणतात. स्वतःचे पैसे मागताना माफी कशाची? उलट बाजूचे ‘ताबडतोब’, ‘त्वरित’ हेही तितकेच निकामी आहेत, कारण त्यांना तारीख नसते. ‘ताबडतोब’च्या जागी ‘सोमवार, २३ जूनपर्यंत’ लिहावे.

पहिली पायरी: मुदतीच्या तीन दिवस आधी

हा मेसेज पैशासाठी कमी आणि चौकशीसाठी जास्त असतो. बिल योग्य माणसाकडे आहे का आणि मालाबद्दल काही म्हणणे आहे का, एवढे त्यात विचारायचे.

‘अण्णा, नमस्कार. १२ मेच्या बिल क्रमांक ११८ ची बाकी १,२६,४८० रुपये असून मुदत शुक्रवार, १३ जूनपर्यंत आहे. बिलाची प्रत सोबत पुन्हा जोडली आहे. माल व साइज व्यवस्थित मिळाले ना? काही कमी-जास्त असेल तर आजच सांगा, म्हणजे लगेच दुरुस्त करून देता येईल. बँकेचे काम ज्यांच्याकडे असेल त्यांना ही प्रत पाठवाल का?’

मालाची विचारपूस येथे शिष्टाचारापुरती नाही. पैसे द्यायची वेळ आली की मालात दोष सापडण्याची व्यापारात जुनी रीत आहे. तो प्रश्न आपणच आधी विचारून ठेवला की नंतर निघालेल्या दोषाचे वजन कमी होते.

दुसरी पायरी: मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी

‘अण्णा, नमस्कार. बिल क्रमांक ११८ ची मुदत काल, १३ जूनला संपली. १,२६,४८० रुपये अजून खात्यात जमा झालेले दिसत नाहीत. पाठवले असतील तर व्यवहार क्रमांक कळवा, आमच्या बाजूने तपासून घेतो. राहून गेले असतील तर सोमवारपर्यंत पाठवा. खात्याचा तपशील बिलावरच आहे.’

‘तुम्ही दिले नाहीत’ आणि ‘जमा झालेले दिसत नाहीत’ या दोन वाक्यांत वस्तुस्थिती एकच आहे, पण दुसऱ्यात ग्राहकाला मान खाली न घालता पैसे पाठवायला वाट राहते. या पायरीवर एवढे पुरे. व्याज, कायदा, कारागिरांचे पगार यांतले काहीही येथे आणू नये.

तिसरी पायरी: आठवड्यानंतर, फोन आणि त्याची लेखी नोंद

खरे काम येथे होते, आणि बहुतेक मालिका बिघडतात त्याही येथेच. २० जूनला आधी फोन करायचा, कारण पैसे का थांबले आहेत ते कळल्याशिवाय पुढची पायरी कोणती हे ठरत नाही. ग्राहक विसरला आहे, त्याच्याकडे पैसे नाहीत, किंवा त्याला द्यायचे नाहीत, ही तीन दुखणी वेगळी असून त्यांना एकच औषध चालत नाही. विसरलेल्याला दुसरी पायरीच पुरते. पैसे नसलेल्याला हप्ते हवे असतात. टाळणाऱ्याला फक्त तारीख आणि परिणाम समजतो. फोनवर पहिला प्रश्न ‘कधी देता?’ हा नसावा, ‘अडचण नेमकी कशात आहे?’ हा असावा. मग जे उत्तर येईल त्यात तारीख आणि रक्कम येईपर्यंत फोन ठेवू नये.

आमच्या उदाहरणात अण्णांच्या मुलाने दोन गोष्टी सांगितल्या. २२ गणवेशांच्या साइज ऑर्डरीपेक्षा वेगळ्या आल्या होत्या, आणि शाळेच्या पहिल्या आठवड्याची विक्री अजून बँकेत भरायची होती. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत पुढचा मेसेज गेला:

‘आत्ताच्या बोलण्याप्रमाणे लिहून ठेवतो. (१) साइज चुकलेले २२ गणवेश तुम्ही या आठवड्यात परत पाठवणार. त्यांचे ८,५४७ रुपये बिलातून वजा करून क्रेडिट नोट देत आहोत. (२) उरलेल्या १,१७,९३३ पैकी ४०,००० रुपये मंगळवार, २४ जूनला आणि ७७,९३३ रुपये शुक्रवार, २७ जूनला जमा होणार. यात काही वेगळे समजले असेल तर आज कळवा. बरोबर असेल तर ‘मान्य’ एवढे लिहा.’

८,५४७ हा आकडा २२ गणवेशांची किंमत ८,१४० आणि तिच्यावरचा जीएसटी ४०७ मिळून झाला. येथे मालकाचा आणि माझा थोडा वाद झाला होता. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल मिळाल्याचा दिवसच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. ती मुदत २९ मेला संपली होती, म्हणून तक्रार उडवून लावावी असे मालकाचे म्हणणे. मुदतीचा हिशेब त्यांचा बरोबर होता, पण साइज खरोखर चुकल्या होत्या, आणि साडेआठ हजारांच्या वादाआड सव्वा लाख अडकवून ठेवणे हे ग्राहकाच्या फायद्याचे होते, आपल्या नव्हे. वादाची रक्कम वेगळी काढली की उरलेल्या रकमेबद्दल ग्राहकाला बोलायला काही राहत नाही. तक्रार खोटी असल्याची खात्री असली तरीसुद्धा तिची रक्कम लिहून वेगळी ठेवावी आणि ‘बिनवादाची रक्कम’ स्वतंत्रपणे मागावी.

‘मान्य’ हे उत्तर लेखी घेण्याला आणखी एक कारण आहे. उधारीच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, आणि त्या मुदतीच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर ती तेथून नव्याने मोजली जाते. एवढ्याशा बिलासाठी तीन वर्षे कोणी थांबत नाही. पण जुनी बाकी पुढच्या हंगामात, आणि त्याच्याही पुढच्या हंगामात ओढली जाताना मी पाहिली आहे. अशा वेळी शिक्का व सहीचे बाकी मान्यतेचे पत्र घेणे सर्वांत पक्के. दोन निळ्या खुणा म्हणजे मान्यता नव्हे.

वायदा मोडला तर काय, याचा नियम आधीच ठरवून ठेवावा. वायद्याच्या तारखेपर्यंत एकही मेसेज पाठवायचा नाही. ती उलटली की मालिका पहिल्यापासून सुरू करायची नाही, पुढच्या पायरीपासून सुरू करायची. ग्राहक वायद्यांवर महिने काढू शकतो तो नेमका याच चुकीमुळे: प्रत्येक मोडलेल्या वायद्यानंतर आपण पुन्हा ‘अण्णा, नमस्कार’पासून आरंभ करतो. आमच्याकडे २४ जूनला ४०,००० आले. त्यावर ‘४०,००० मिळाले, धन्यवाद. बाकी ७७,९३३, ठरल्याप्रमाणे शुक्रवार, २७ जून’ एवढा एका ओळीचा मेसेज गेला. थोडे पैसे आले की हायसे वाटून उरलेल्याची तारीख लिहायची राहते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. परत पाठवलेले २२ गणवेशही त्याच आठवड्यात पोहोचले. २७ तारीख मात्र कोरडी गेली.

चौथी पायरी: लेखी पत्र, नव्या संबोधनाने

३० जूनला साधन बदलले. व्हॉट्सॲपऐवजी कारखान्याच्या लेटरहेडवर पत्र, ते ईमेलने आणि स्पीड पोस्टानेही, सोबत खातेउतारा आणि क्रेडिट नोट. ही तारीख सोयीची होती, कारण माल मिळाल्यापासूनचे ४५ दिवस २८ जूनला पूर्ण झाले होते. वर उल्लेखलेल्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करारच नसेल तर ती १५ दिवसांची धरली जाते.

‘आदरणीय महोदय,
विषय: बिल क्रमांक ११८, दिनांक १२ मे २०२५ ची बाकी रक्कम रुपये ७७,९३३.
वरील बिलाची मुदत १३ जून रोजी संपली आहे. २० जून रोजी आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार साइज चुकलेल्या मालाचे रुपये ८,५४७ वजा करण्यात आले असून रुपये ४०,००० दिनांक २४ जून रोजी जमा झाले आहेत. उरलेले रुपये ७७,९३३ दिनांक २७ जून रोजी जमा होणार होते, ते अद्याप जमा झालेले नाहीत. ही रक्कम सोमवार, दिनांक ७ जुलैपर्यंत जमा करावी. तोपर्यंत नव्या ऑर्डरीचा माल पाठवणे आम्हास शक्य होणार नाही. हिशेबात काही तफावत आढळल्यास ती याच मुदतीत लेखी कळवावी.’

या पत्रात राग नाही आणि कारागीरही नाहीत. पगार थांबल्याचे सांगणे खरे असले तरी त्याने वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: आपण अडलेले आहोत, आणि आपण कमी रकमेवर तडजोड करू. शिवाय थांबवायचा माल खरोखर हातात असावा लागतो. या ग्राहकाची क्रीडा गणवेशांची दुसरी ऑर्डर जुलैसाठी उभी होती, म्हणून त्या वाक्याला वजन होते. पुढची ऑर्डरच नसेल तर ते वाक्य गाळावे. पोकळ वाक्य शेजारच्या भरीव वाक्यांनाही हलके करते.

पाचवी पायरी: करणार तेच लिहायचे

शेवटच्या पत्राचा मजकूर लिहिण्यापूर्वी मालकाला मी एकच प्रश्न विचारला होता: १८ जुलैला तुम्ही प्रत्यक्षात काय करणार? ‘वकिलाकडे जातो’ हे त्याचे उत्तर होत नाही, कारण कोणत्या वकिलाकडे, किती खर्चाने, हे ठरलेले नव्हते. लहान उत्पादकाला उपलब्ध असलेली वाट म्हणजे राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, आणि ती या ऑर्डरीच्या आधीची असणे सुरक्षित. तयार माल घेऊन नुसता विकणाऱ्या व्यापाऱ्याला या तरतुदीचा आधार मिळत नाही. त्याने हे परिच्छेद पत्रात घालू नयेत, कारण समोरच्याचा सनदी लेखापाल ते पहिल्याच वाचनात ओळखतो.

‘दिनांक ३० जूनच्या आमच्या पत्राची मुदत ७ जुलै रोजी संपली असून रुपये ७७,९३३ अद्याप येणे आहेत. ही रक्कम गुरुवार, दिनांक १७ जुलैपर्यंत जमा न झाल्यास आम्ही १८ जुलै रोजी सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज दाखल करू. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १६ नुसार १४ जूनपासूनच्या व्याजाची मागणी त्या अर्जात समाविष्ट असेल. त्याआधी रक्कम जमा झाल्यास व्याजाची मागणी केली जाणार नाही. आमचा उद्यम नोंदणी क्रमांक सोबतच्या खातेउताऱ्यावर नमूद आहे.’

कलम १६ चे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट असते आणि दरमहा चक्रवाढीने मोजले जाते. हा बँक दर रेपो दराहून वेगळा असतो. ६ जून २०२५ पासून तो ५.७५ टक्के होता, म्हणजे व्याजाचा दर १७.२५ टक्के. ७७,९३३ रुपयांवर एका महिन्याचे ते सुमारे १,१२० रुपये होते. ही रक्कम कोणाला घाबरवण्याइतकी मोठी नाही, म्हणून पत्रात आकडा मोठा करून दाखवण्याचा मोह टाळावा. व्याज सोडण्याची तयारी दाखवण्यात तिचा उपयोग जास्त, कारण तेवढ्याने ग्राहकाला वेळेत पैसे देऊन काहीतरी वाचवल्याचे समाधान मिळते.

करकायद्यांच्या दोन तरतुदी हल्ली सर्रास पत्रांत टाकल्या जातात, त्यांचा हंगाम ओळखावा. उत्पादक किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे ठरलेल्या मुदतीपलीकडे वर्षअखेर थकलेले असेल तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, ही आयकर कायद्याची तरतूद, जी २०२५ मध्ये कलम ४३ब (एच) मध्ये होती, फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरदार लागू पडते. जूनमध्ये तिचा उल्लेख केला तर ग्राहक मनात म्हणतो, मार्चला अजून नऊ महिने आहेत. तसेच बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास ग्राहकाला घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. आमच्या बिलासाठी ती तारीख ८ नोव्हेंबर होती. ऑक्टोबरच्या पत्रात हे वाक्य शोभते, जूनच्या पत्रात ते पाठ केलेले वाटते.

दोन गोष्टी कोणत्याच पायरीवर करू नयेत. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर नाव टाकणे ही पहिली, कारण त्यानंतर बिलाचा विषय मागे पडून अब्रूचा विषय पुढे येतो आणि उलट तक्रार आपल्यावरच येऊ शकते. ‘पोलिसात देतो’ ही दुसरी. साधी उधारी हा दिवाणी व्यवहार आहे आणि हे ग्राहकालाही माहीत असते. चेक घेतला असेल आणि तो न वटता परत आला असेल तर मात्र ही मालिका बाजूला ठेवावी. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस जावी लागते, आणि आपल्या ‘अण्णा, नमस्कार’मध्ये ते दिवस निघून जातात. तेथे पहिल्याच दिवशी वकील गाठावा.

आमचे पाचवे पत्र फायलीतच राहिले. ५ जुलैला ७७,९३३ रुपये जमा झाले आणि त्याच दिवशी अण्णांच्या मुलाचा फोन आला, क्रीडा गणवेश कधी पाठवता म्हणून. पैसे आल्यावरही एक मेसेज जायचा असतो, आणि त्यात संबोधन पुन्हा जुने होते: ‘अण्णा, नमस्कार. बिल ११८ चे सर्व पैसे मिळाले, खाते चुकते झाले, धन्यवाद. क्रीडा गणवेशांचा माल १४ जुलैला निघेल. या ऑर्डरीसाठी निम्मी रक्कम माल निघण्याआधी आणि उरलेली माल मिळाल्यापासून १५ दिवसांत, असे ठरवू. जमत असेल तर ‘मान्य’ लिहा.’ उत्तर यायला दोन दिवस लागले, पण ते मुलाने स्वतःच्या नंबरवरून पाठवले होते. चिठ्ठ्यावर निर्णय घेणाऱ्याचे नाव त्यानंतर बदलून ठेवले.